छोट्या अ‍ॅपचा तीन महिन्यांचा रोडमॅप: परिणाम आणि मेहनत पाहून फीचर्स कशी निवडायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच आहे: मेस चालवणाऱ्यांसाठी डब्यांच्या हिशेबाचं अँड्रॉइड अ‍ॅप. नियमित वापरणारे मेसवाले ४००, बनवणारे डेव्हलपर दोन. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. पद्धत मात्र कुठल्याही छोट्या अ‍ॅपला लागू पडते.

आमच्याकडे पन्नास-साठ कल्पना साठल्या आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी यादी छोटी करा, गुण नंतर. प्रत्येक कल्पनेपुढे एक वाक्य लिहा: ही नसल्यामुळे कोणाचं काय अडतंय? "ग्राहकांसाठी पोर्टल हवं" ही कल्पना झाली. "ग्राहक फोनवर खाडा सांगतो, मालक वहीत टिपायला विसरतो आणि महिनाअखेरीला बिलावरून वाद होतो" हे अडलेलं काम झालं. असं लिहायला बसलं की दोन गोष्टी होतात. वेगवेगळ्या नावांच्या पाच-सहा कल्पना एकाच अडचणीच्या निघतात आणि काही ओळींपुढे लिहायला काहीच सुचत नाही. ज्यांच्यापुढे काही सुचलं नाही त्या बाजूला काढा. शिल्लक राहिलेल्या १२ ते १५ कल्पनांनाच गुण द्या. साठ ओळींना गुण देणारी माणसं तिसाव्या ओळीनंतर डोळे झाकून आकडे टाकू लागतात.

गुण द्यायला कोणतं सूत्र वापरायचं?

इंटरकॉम या कंपनीच्या टीमने मांडलेली 'राइस' पद्धत छोट्या अ‍ॅपला पुरते. तिच्यात चार आकडे असतात: तीन महिन्यांत किती जणांना फरक पडेल (पोहोच), प्रत्येकाला किती पडेल (परिणाम), आपल्याला याची किती खात्री आहे आणि मेहनत किती. पहिल्या तिघांचा गुणाकार करून त्याला मेहनतीने भागायचं. स्प्रेडशीटमध्ये ते असं दिसतं:

```
=B2*C2*D2/E2
```

परिणामाला ३, २, १, ०.५ किंवा ०.२५ यांपैकीच एक आकडा द्यायचा. ३ म्हणजे रोजचं काम पालटेल, १ म्हणजे जाणवेल एवढा फरक, ०.२५ म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही. खात्री १००, ८० किंवा ५० टक्के. मूळ पद्धतीत मेहनत महिन्यांत मोजतात, पण दोघांच्या टीमसाठी एका माणसाचे कामाचे दिवस हेच माप सोयीचं. आपल्या अ‍ॅपचा तक्ता असा:

| फीचर | पोहोच | परिणाम | खात्री | दिवस | गुण |
|---|---|---|---|---|---|
| बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं | ३६० | २ | ८०% | ६ | ९६ |
| बिलावर यूपीआयचा क्यूआर | ३०० | १ | ८०% | ४ | ६० |
| ग्राहकाने स्वतः खाडा टाकणं | २२० | ३ | ५०% | २२ | १५ |
| डबे पोचवणाऱ्याला वेगळं लॉगिन | ९० | २ | ८०% | १२ | १२ |
| नेट नसताना सगळं अ‍ॅप चालणं | १२० | ३ | ८०% | ३० | ९.६ |
| डार्क मोड | २०० | ०.२५ | ५०% | ५ | ५ |
| पेमेंट गेटवे, आपोआप जमा | ६० | २ | ५०% | २५ | २.४ |

१५ आणि १२ यांत खरा फरक नाही, कारण आत भरलेले आकडेच अंदाजे आहेत. ९६ आणि १२ यांत मात्र आहे. त्यामुळे तक्त्याचे वरचा, मधला आणि खालचा असे गट पाडा. गटातल्या गटात कोण पुढे यावर वाद घालू नका.

पोहोच आणि परिणाम कुठून आणायचे? आमच्याकडे अ‍ॅनालिटिक्स नाही.

अ‍ॅनालिटिक्स नसलं तरी डेटाबेस असतोच आणि लोक सध्या काय जुगाड करतात ते त्यात दिसतं. खाड्याचंच घ्या. जेवणाचा दिवस उलटून गेल्यावर टाकलेला खाडा म्हणजे मालकाला कोणीतरी तोंडी सांगितलं होतं आणि त्याला ते उशिरा आठवलं. असं तीन महिन्यांत किती मेसमध्ये झालं ते पोस्टग्रेसमध्ये एका क्वेरीत कळतं:

```sql
SELECT COUNT(DISTINCT mess_id) FROM entries
WHERE is_khada
  AND meal_date >= CURRENT_DATE - 90
  AND created_at > meal_date + INTERVAL '2 days';
```

दोन दिवसांची सूट अशासाठी की `meal_date` ही तारीख मध्यरात्रीपासून मोजली जाते. एकच दिवस धरला तर रात्रीचा डबा संपवून बारानंतर नोंद करणाराही उशीर केलेल्यांत मोजला जाईल. तक्त्यातले २२० असे आले.

परिणामासाठी मागच्या महिन्याचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चाळा, पण मागण्या मोजू नका. माणूस त्या अडचणीपायी काय गमावतोय ते पाहा. पैसे बुडतात, ग्राहकाशी भांडण होतं किंवा अ‍ॅप सोडून परत वही धरावी लागते: ३ किंवा २. नुसतं "असतं तर बरं झालं असतं": १ किंवा त्याहून खाली.

खात्रीचा आकडा हवाच कशाला? तो तर आणखी एक अंदाज झाला.

तो नसला की सगळ्यात कमी माहिती असलेली कल्पना सगळ्यात वर जाते, कारण तिच्याबद्दल वाटेल ते कल्पिता येतं. देताना नियम साधा ठेवा. आपला डेटा आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचं बोलणं दोन्ही एकाच दिशेला असेल तर १००, दोन्हींपैकी एकच असेल तर ८०, दोन्ही नसतील तर ५०. एकाचं एक सांगणं आणि दुसऱ्याचं दुसरं, असं झालं तरीही ५०.

खाड्याला ५० टक्के का, तर मालकांना त्रास आहे हे डेटा सांगतो, पण ग्राहक लिंक उघडून स्वतः खाडा टाकेल का हे कोणालाच ठाऊक नाही. २२ दिवस घालण्याआधी हे तपासता येतं. आठ-दहा मेसवाल्यांना एक गुगल फॉर्म करून द्या, तो त्यांनी ग्राहकांच्या ग्रुपवर टाकावा आणि दोन आठवडे वाट पाहावी. निम्मे खाडे फॉर्मवर आले तर खात्री ८० करा, गुण २४ होतील. लोक फोनच करत राहिले तर फीचर यादीतून जाईल आणि तुमचा खर्च एक-दोन दिवसांचा झालेला असेल.

मेहनतीचा अंदाज दर वेळी चुकतो. का आणि काय करायचं?

कारण अंदाज स्क्रीनचा केलेला असतो आणि काम स्क्रीनच्या मागे असतं. "ग्राहकाने खाडा टाकायचा, एक कॅलेंडर आणि एक बटण, आठवडाभराचं काम" असं कोणीही म्हणेल. तेच तुकडे पाडून पाहा. ग्राहकाची स्क्रीन ३ दिवस. सर्व्हर आणि लिंकची सुरक्षितता ४. दुपार-रात्र वेगळी धरणं आणि "आदल्या रात्री ९ नंतर खाडा चालणार नाही" असा प्रत्येक मेसचा आपापला नियम, ४. उशिरा आलेला खाडा मालकाने मान्य किंवा अमान्य करणं, ३. बिलाच्या हिशेबात बदल आणि जुनी बिलं न बिघडवणं, ४. स्वस्त फोनवर तपासणी २, मेसवाल्यांना समजावणं आणि आठवडाभर येणारे फोन २. एकूण २२.

पाच दिवसांहून मोठा अंदाज तुकडे न पाडता तक्त्यात घेऊ नका. अंदाज काम करणाऱ्यानेच द्यावा. आणि पैशांच्या हिशेबाला हात लागणार असेल तर आधीच्या नोंदींचं काय होणार हा तुकडा हमखास विसरला जातो, तो मुद्दाम विचारा.

तीन महिन्यांत किती काम मावतं?

तुम्हाला वाटतं त्याच्या साधारण निम्मं. १३ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, दोन माणसं: १३० दिवस. सण, रजा आणि आजारपण धरून माणशी ८ दिवस वजा केले की ११४. चालू अ‍ॅपचे बग, फोन आणि बारीकसारीक दुरुस्त्या यात एक चतुर्थांश वेळ जातो असं धरलं तर ८५ उरतात. त्यातला पाचवा हिस्सा मोकळा सोडायचा, म्हणजे नवीन कामाला ६८ दिवस.

एक चतुर्थांश हा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. मागच्या दोन महिन्यांत किती दिवस दुरुस्त्यांत गेले ते गिटच्या नोंदींवरून काढता येतं. नुकतंच बाजारात आलेलं अ‍ॅप असेल तर तो हिस्सा निम्म्यावरही जातो.

बग, अँड्रॉइड अपडेट, सर्व्हरची कामं यांनाही गुण द्यायचे का?

जे केलं नाही तर अ‍ॅप अडेल त्याला गुण नाहीत. ते आधी वजा होतं. गुगल प्ले दर वर्षी ठरावीक मुदतीपर्यंत अ‍ॅपला नव्या अँड्रॉइडची एपीआय पातळी गाठायला लावतं. मुदत चुकली की नवं अपडेटच टाकता येत नाही. त्याचे ५ दिवस ६८ मधून सरळ काढा. उरले ६३.

"कोड नीट करायचा आहे" ही मागणी मात्र अशी फुकटात आत येऊ देऊ नका. तो कोड यादीतल्या एखाद्या फीचरच्या वाटेत असेल तर त्या फीचरच्या दिवसांत त्याची भर घाला. कुठल्याच वाटेत नसेल तर या तिमाहीत त्याची गरज नाही.

गुण झाले, दिवस कळले. आता रोडमॅप प्रत्यक्ष कसा मांडायचा?

वरून खाली भरत जा. बिल ६, क्यूआर ४, खाडा २२, लॉगिन १२: झाले ४४. उरले १९ आणि पुढचं काम ३० दिवसांचं. त्याचा १४ दिवसांचा तुकडा कसा काढायचा ते पुढच्या प्रश्नात आहे. तो घेतला की ५८ होतात आणि ५ दिवस शिल्लक राहतात. डार्क मोड बरोबर ५ दिवसांचा आहे, आणि इथेच मोह होतो. ते ५ दिवस खाड्याच्या मागे मोकळे ठेवा. निम्मीच खात्री असलेलं ते काम आहे आणि फॉर्मची चाचणीही त्यातूनच करायची आहे.

मग क्रम. गुण काय करायचं ते सांगतात, कधी करायचं ते अवलंबित्व सांगतं. पहिल्या महिन्यात अँड्रॉइड अपडेट, बिल आणि क्यूआर, त्याच वेळी खाड्याची फॉर्मवरची चाचणी, आणि उरलेल्या दिवसांत लॉगिनची सुरुवात. दुसऱ्या महिन्यात चाचणी जमली असेल तर खाडा. सगळ्यात अनिश्चित काम शेवटच्या महिन्यात ठेवलं तर सावरायला जागा उरत नाही. तिसऱ्या महिन्यात लॉगिन पुरं करून ऑफलाइनचा तुकडा. तुकड्याचे गुण लॉगिनपेक्षा थोडे जास्त येतात, तरी लॉगिन आधी, कारण फोनमध्ये साठलेली नोंद कोणी केली हे माहीत नसेल तर नंतर दोन नोंदींतली खरी कोणती ते ठरवता येत नाही.

आणि एक तारखेचा नियम. मेसवाले महिना संपता संपता बिलं काढतात. बिलाला हात लावणारं कुठलंही अपडेट २५ ते ५ तारखेच्या दरम्यान सोडू नका.

मोठं फीचर मावतच नाही. पुढच्या तिमाहीत ढकलायचं का?

आधी त्यातला सगळ्यात दुखणारा भाग वेगळा काढता येतो का पाहा. "नेट नसताना सगळं अ‍ॅप चालावं" या मागणीत अडचण नेमकी कुठे होते? डबे पोचवताना, तळघरात किंवा लिफ्टमध्ये, "डबा दिला" ही खूण करताना. बिलं आणि ग्राहकांची यादी मालक घरी बसून पाहतो, तिथे नेट असतं. म्हणून फक्त ती खूण फोनमध्ये साठवायची आणि नेट आलं की पाठवायची. माहिती एकाच दिशेने जात असल्यामुळे दोन्हीकडचे बदल जुळवण्याचं अवघड काम टळतं. मेहनत १४ दिवस, पोहोच तीच १२०, परिणाम ३ ऐवजी २, खात्री ८० टक्के. गुण १३.७. पूर्ण फीचरचे ९.६ होते.

तुकडा असा पाडा की तो एकटाही कामाचा असेल. "आधी सर्व्हर, मग स्क्रीन" हे तुकडे नव्हेत. अर्ध्यावर थांबलात तर वापरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

डार्क मोडला पेमेंट गेटवेपेक्षा जास्त गुण मिळालेच कसे? सूत्रात काही चुकतंय का?

सूत्र भागाकाराचं आहे, त्यामुळे भाजक लहान असला की फुटकळ कामही वर तरंगतं. उपाय सोपा: परिणाम १ पेक्षा कमी असलेलं काम गुण कितीही आले तरी रोडमॅपवर घ्यायचं नाही. फार तर दुरुस्त्यांच्या वेळेत कोणीतरी करेल.

गेटवे खाली गेला तेही नीट पाहा. मालकाला हवं आहे की बिलाची रक्कम ग्राहकाला टाइप करावी लागू नये आणि पैसे लवकर यावेत. त्यातलं बरंचसं क्यूआर करतो, कारण क्यूआरच्या आत नुसती अशी एक ओळ असते:

```
upi://pay?pa=mess@bank&pn=Mess&am=2450.00&cu=INR&tn=July
```

पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात, मध्ये कोणी नाही, म्हणून काम ४ दिवसांचं. मर्यादा एकच: पैसे आले की नाही हे अ‍ॅपला कळत नाही, "जमा" ही खूण मालकालाच करावी लागते. ही खूण करणंच डोईजड झालेल्या, शे-दीडशे ग्राहकांच्या मेस किती आहेत? तक्त्यातले ६० ते हेच. क्यूआर आल्यावर त्यांच्याकडून तक्रारी वाढल्या तर गेटवेची खात्री वाढेल आणि पुढच्या तिमाहीत तो नव्याने मोजता येईल.

काम दोन दिवसांचं, पण परवानगीला महिना. मेहनत किती धरायची?

मेहनत दोनच दिवस. वाट पाहण्याचा काळ वेगळ्या रकान्यात लिहा, सूत्रात मिसळू नका. भारतात एसएमएसने बिलाची आठवण पाठवायची तर ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी प्लॅटफॉर्मवर आधी संस्थेची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मेसेजच्या साच्याची नोंदणी करावी लागते. कोड लिहून तयार असतो आणि साचा नामंजूर होऊन परत येतो. असं फीचर पुढच्या तिमाहीत जरी करायचं असलं तरी अर्ज या तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात टाका. पेमेंट गेटवेच्या केवायसीचंही तेच.

आमच्या दोघांचे गुण जुळत नाहीत. सरासरी काढायची का?

नाही. एकाने परिणाम ३ दिला आणि दुसऱ्याने ०.५, तर दोघांच्या डोळ्यांपुढे वेगळे वापरणारे आहेत. सरासरीने तेवढंच झाकलं जातं. गुण आधी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता लिहा. दोन पायऱ्यांहून जास्त फरक असलेल्या ओळींवरच बोला आणि "तू हे कोणासाठी धरलंस?" एवढंच विचारा. पटलं नाही तर परिणाम खालचा घ्या आणि खात्री ५० करा.

एक मोठा ग्राहक म्हणतो, "हे करा नाहीतर आम्ही सोडतो." त्याचे गुण कसे लावायचे?

सूत्रात त्याची पोहोच १ आहे आणि ती १ च राहू द्या. तो ठेवायचा की नाही हा धंद्याचा निर्णय आहे, गुणांचा नव्हे. त्याच्याकडून तीन महिन्यांत किती पैसे येतात आणि त्याच्या मागणीला किती दिवस लागतात ते शेजारी लिहा. मग त्या दिवसांत रोडमॅपवरचं कुठलं काम निघेल त्याचं नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पोहोच फुगवून त्याचं काम वर आणलंत तर तक्त्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडतो.

मधेच चांगली कल्पना आली तर?

यादीत टाका, महिन्यातून एकदा सगळ्या नव्या कल्पनांना एकत्र गुण द्या. आत घ्यायची असेल तर तेवढ्याच दिवसांचं, अजून सुरू न झालेलं काम बाहेर काढा. सुरू झालेलं काम थांबवायचं ते एकाच कारणाने: ज्या गृहीतकावर ते उभं होतं तेच खोटं निघालं तर.

वापरणाऱ्यांना तारखा सांगायच्या का?

चालू महिन्यातलं काम सांगा, तेही आठवडा न सांगता. पुढच्या दोन महिन्यांचं फक्त "यावर काम करणार आहोत". ५० टक्के खात्रीचं काम तर जाहीरच करू नका. मेसवाला ते ग्राहकांना सांगून मोकळा होतो आणि मग फोन तुम्हाला येतात.

फीचर बाहेर पडल्यावर गुण बरोबर होते की नाही हे कसं कळणार?

काम सुरू करतानाच मोजायचा एक आकडा ठरवून ठेवा. खाड्यासाठी तो वरच्या क्वेरीतलाच: उशिरा नोंदवलेले खाडे असलेल्या मेस २२० वरून कितीवर आल्या? गुगल प्लेवर अपडेट आधी १० टक्के लोकांना सोडा, बिलांत चूक दिसली तर पसरणं तिथेच थांबवता येतं. मात्र ज्यांच्याकडे ते पोचलं त्यांच्या फोनवरून परत घेता येत नाही, त्यांच्यासाठी दुरुस्त आवृत्तीच सोडावी लागते.

तीन महिन्यांनी तक्त्यात दोन रकाने वाढवा: खरे लागलेले दिवस आणि खरी पोहोच. दिवसांचा अंदाज दर वेळी दीडपट चुकत असेल तर पुढच्या तिमाहीत सगळे अंदाज दीडपट करून मगच गुण काढा. सगळ्यांचा भाजक सारखाच वाढल्यामुळे क्रम बदलणार नाही, पण ६८ दिवसांत किती मावतं याचं उत्तर बदलेल.